मदत हवी आहे: ड्रायव्हरना वाढदिवसाचा मेसेज, उद्या सकाळपर्यंत

घाईत_आहे: हे लिहिलंय, बरं वाटत नाहीये. पटकन सुधारून द्या.
"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुम्ही आमचे नोकर नाही, घरातलेच आहात. तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मिळणं कठीण."

शब्दवेडी: चार ओळींची चारोळी करा, यमक मी जुळवून देते.

निवांत: वय काय? किती वर्षं आहेत? मराठी वाचतात का? यातलं काहीच नाही तर सुधारायचं काय?

घाईत_आहे: पन्नाशीचे, सहा वर्षं झाली. आम्ही काका म्हणतो. वाचतात, पण चष्मा लावून, कंटाळत. चारोळी नको.

मागचा_बाक: मेसेजपेक्षा सुट्टी द्या. पगारी.

घाईत_आहे: सुट्टी दिलीच आहे हो. प्रश्न मजकुराचा आहे.

निवांत: मग 'नोकर नाही' आधी काढा. त्यांच्या मनात नसलेला शब्द तुम्हीच वाढदिवसाला काढताय. 'प्रामाणिक'ही काढा. ऑफिसातल्या सहकाऱ्याला लिहाल का, "तुम्ही प्रामाणिक आहात"? तो विचारेल, शंका कधी आली होती? जे वाक्य सहकाऱ्याला पाठवताना अवघडल्यासारखं होईल, ते इथेही नको.

आजीची_नात: 'घरातलेच' मात्र राहू द्या. आमच्या ताईंना फार आवडतं.

निवांत: ताई तुमच्यासमोर आवडत नाही म्हणतील का? घरातल्या माणसाला महिन्याचा हिशेब नसतो, सुट्टी मागावी लागत नाही.

आजीची_नात: तुम्ही फारच खोदता. सगळेच असा विचार करत नाहीत. मागच्या वर्षी पाहुण्यांसमोर केक कापायला लावला तेव्हा मात्र त्या अवघडल्या होत्या, हे खरं. फोटोही काढू दिला नाही.

निवांत: घाईत, काकांची स्वतःची काही आवड?

घाईत_आहे: बुद्धिबळ. गाडीत बसून मोबाइलवर खेळतात. माझ्या मुलाला त्यांनीच शिकवलं, आता तो हरतो आणि चिडतो.

निवांत: हेच सांगायचं. लिहू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, चष्म्याचा प्रश्न मिटला: "काका, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. चिरंजीव अजून कालच्या डावावर धुमसतायत, तुम्हाला हरवल्याशिवाय सोडणार नाहीत. आजचा दिवस घरच्यांबरोबर मजेत घालवा." आणि तिथेच थांबा. "उद्या सातला या" हे त्यात घुसडू नका, वेगळं सांगा. फॅमिली ग्रुपवरही टाकू नका.

मागचा_बाक: तारीख नक्की आहे ना? लायसन्सवरून घेतली असेल तर विचारा. आमच्याकडच्या दादांची कागदावरची तारीख शाळेत नाव घालताना अंदाजे लावलेली होती. मी दोन वर्षं भलत्याच दिवशी शुभेच्छा दिल्या, ते बिचारे हसून घ्यायचे.

घाईत_आहे: अरे देवा. लायसन्सवरूनच घेतलीय.

शब्दवेडी: चारोळी अजूनही देऊ शकते.

आजीची_नात: मुलालाच बोलू द्या ना रेकॉर्डिंगमध्ये.

घाईत_आहे: तो झोपलाय. सकाळी उठवून बोलायला लावते. तारीख कशी विचारू, तेवढं सांगा.