जुना तांदूळ ३० टक्के महाग घेणं परवडतं का?

धागाकर्ता: एकाच जातीचा तांदूळ. नवा १०० ला किलो धरला तर जुना १३० ला. विकणारा म्हणतो, जुना फुगतो, भात जास्त होतो, म्हणजे शेवटी स्वस्तच पडतो. खरं आहे का?

फुगीर: खरंच आहे की. नव्याला वाटीमागे दीड-पावणेदोन वाट्या पाणी पुरतं, जुन्याला दोन-सव्वादोन लागतं. जेवढं पाणी जास्त तेवढा भात जास्त. नवा स्वस्त दिसतो, पण पातेलं भरत नाही.

वजनकाटा: फुगीर, पाण्याचं बरोबर, हिशोब चुकला. बंद भांड्यात मोजून पाणी घातलं की थोडी वाफ वगळता ते सगळं भातातच राहतं. नव्या तांदळातही सव्वादोन वाट्या ओता, वजन जवळपास तेवढंच भरेल, फक्त गिच्च गोळा होईल. तिथे तुम्ही तांदूळ मोजत नाही, ओतलेलं पाणी मोजता.

तुलना वेळलेल्या भातावर करायची. दोन्हीतले १०० ग्रॅम काट्यावर मोजून घ्या, वाटीने नको. कण्या आधी वेचून टाका, नाहीतर त्या लवकर विरघळून सगळं चिकट करतात. धुऊन २० मिनिटं भिजवा आणि दीड लिटर उकळत्या पाण्यात सोडा. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक शीत दोन बोटांत दाबून पाहा. मधला पांढरा ठिपका गेला की लगेच वेळा. दोघांची वेळ वेगळी येईल, जुना उशिरा शिजतो. म्हणून घड्याळ लावून दोन्ही एकदम उतरवले तर जुना कच्चा राहून कमी भरतो आणि निकाल उलटा लागतो. दहा मिनिटं निथळू द्या, मग वजन करा.

आता धरा, नवा २७० ग्रॅम भरला, जुना ३१०. भाताच्या किलोमागे नवा ३७ ला पडला, जुना सुमारे ४२ ला. ३१० भागिले २७० म्हणजे १.१५. याचा अर्थ जुना १५ टक्क्यांपर्यंत महाग असता तर बरोबरी झाली असती. ३० टक्क्यांना नाही.

आणि ती वाढसुद्धा बहुतेक पाणीच. नव्यात १४ टक्के ओल आणि जुन्यात १२ धरली, तर किलोमागे कोरडा ऐवज ८६० आणि ८८० ग्रॅम. पोटात जाणारा खरा फरक २० ग्रॅमचा.

पंगतवाला: काट्यावर ठीक. माझ्याकडे भात डावाने वाढला जातो, किलोने नाही. जुन्याची शितं सुटी राहतात, मध्ये हवा राहते, तेवढ्याच वजनाचा ढीग मोठा दिसतो. शिवाय तासभर झाकून ठेवला तरी मोकळा राहतो. नवा तळाशी दबून गच्च होतो आणि खालचा थर फुकट जातो. ते नुकसान तुमच्या नव्याच्या ३७ मध्ये कुठे आहे?

वजनकाटा: नाही, ते त्यात नाही. खालचा थर टाकावा लागत असेल तर १०० पैकी किती टाकता ते मोजून नव्याच्या भावात मिळवा. १२ टक्के गेले तरी ३७ चे ४२ होतात आणि बरोबरी होते. घरच्या चार माणसांच्या भातात एवढं जात नाही.

गोडचिंता: जुन्या तांदळाने रक्तातली साखर वाढत नाही म्हणतात, मग त्यासाठी तरी घ्यावा का?

सालपट: तो प्रश्न वेगळा आहे. वाटीभर भातात पाणी जास्त म्हणून तांदूळ थोडा कमी जातो, एवढंच. दुसरी वाटी घेतली की संपलं.

मूळ मुद्द्यावर माझं म्हणणं असं की सरसकट 'जुना चांगला' हेच चूक आहे. बासमतीत दाणा लांब आणि सुटा हवा, तिथे जुन्याला जास्त मोजणं समजतं. आंबेमोहर वासासाठी घेतात आणि वास साठवणीत उडतो. तो जुना करून महाग घेणं म्हणजे ज्यासाठी घेतला तेच घालवणं. मऊ भात किंवा खिरीला नव्याचा चिकटपणाच कामाचा. हातसडीचा तर जुना घेऊच नका, कोंड्यातलं तेल खवट होतं.

फुगीर: बासमतीपुरतं मान्य. कोलमच्या बाबतीत मी जुनाच घेणार. मोकळ्या भाताला किंमत आहेच ना?

वजनकाटा: आहे. फक्त ती पोताची किंमत म्हणून द्या, 'भात जास्त होतो' म्हणून नको.

धागाकर्ता: पण जुना खरंच जुना आहे हे ओळखायचं कसं? पाकिटावरची तारीख चालेल?

सालपट: ती भरल्याची तारीख असते, पिकाची नाही. मूठभर तांदूळ हातावर चोळा. नव्याची पांढरी पूड बऱ्याचदा हाताला लागते. दाताखाली जुना कट्कन तुटतो, नवा जरा दबतो. रंगावर जाऊ नका. पिवळसर छटा जुन्याला येते तशी सडण्याआधी गिरणीत वाफवलेल्या तांदळालाही येते, आणि वाफवलेला नवा तांदूळ शिजवल्यावरही मोकळाच होतो. तो जुना म्हणून खपवला तर मला तरी घरच्या घरी खात्रीने ओळखता येत नाही.

पंगतवाला: मोकळा भात हवा असेल आणि वाफवलेला स्वस्त मिळत असेल, तर ओळखायचंय तरी कशाला?

फुगीर: चवीसाठी! वाफवलेल्याची चव वेगळी लागते.

पंगतवाला: आमटी घातल्यावर नाही लागत.