दुखणं थांबवणारं औषध श्वास का थांबवतं?
"मॉर्फिन दुखण्यावरचं औषध आहे ना, मग श्वासाशी त्याचा काय संबंध?"

कारण दोन्हीकडे कुलूप एकच. अफूच्या बोंडाच्या चिकातलं मॉर्फिन पेशींवरच्या म्यू रिसेप्टर नावाच्या कुलपाला चिकटतं. हे रिसेप्टर मज्जारज्जूत असतात, तिथे वेदनेचा निरोप पुढे जात नाही. तेच मेंदूच्या देठात, श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशींवरही असतात. तिथे रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला तरी 'श्वास घे' ही टोचणी बोथट होते.

पंचवटीत आमच्या काकांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिग्रॅ गोळी होती. महिनाभर काही त्रास नाही. मग जुलाब लागले, लघवी कमी झाली, गोळ्या मात्र चालूच. मॉर्फिनपासून यकृतात बनणारा एक जोरकस पदार्थ मूत्रपिंडातून बाहेर पडतो, तो साठत गेला. आधी नुसती गुंगी आली. काकू म्हणाल्या, "बरं झालं, झोप लागली." मी श्वास मोजले तर मिनिटाला सात, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दवाखान्यात मॉर्फिनवरचा उतारा, नॅलॉक्सोन, दिल्यावर डोळे उघडले, पण तासाभरात पुन्हा पेंग. नॅलॉक्सोन लवकर उतरतं, साठलेलं औषध तिथेच असतं. रात्रभर नॅलॉक्सोनचं ठिबक लावून ठेवावं लागलं.