मदत हवी आहे : उसाच्या ठिबकचे पैसे किती वर्षांत फिटतात?

नमस्कार मंडळी, 2 एकर उसाला ठिबक केलं, बिल झालं 1,30,000, सबसिडी खात्यावर आली 62,000. आधी वाटलं होतं अल्पभूधारक म्हणून 80 टक्के मिळेल, पण ते सरकारी मापदंडाच्या खर्चावर धरतात, आपल्या बिलावर नाही. म्हणजे खिशातून 68,000.

आता गंमत बघा, पाणीपट्टीत रुपयाही वाचला नाही, कारण आमची पाणी संस्था एकरी घेते, एकरी 10,000, पाट सोडा नाहीतर ठिबक लावा. राहिलं उत्पन्न. एकरी 42 टनाचे 50 झाले, म्हणजे 16 टन जास्त, 3,000 नी 48,000, त्यातनं विद्राव्य खतं अन् ॲसिडचा जादा खर्च 18,000 वजा केला की 30,000 उरतात. 68 भागिले 30, सव्वादोन वर्षं.

पण भाऊ म्हणतो हिशोबच चुकलाय, 42 टन खोडव्याचे होते आणि 50 लागणीचे! बरोबर आहे त्याचं, लागण तशीही जास्तच पडते. मग ठिबकमुळे नेमके किती टन वाढले कसं धरायचं? खोडवा तुटेपर्यंत थांबू का? आणि कुणाच्या संस्थेनं ठिबकवाल्यांना मीटरवर किंवा तासावर बिल लावलंय का, ठराव कसा केला तेवढं सांगा.