ताटाच्या फोटोवरून कॅलरी : एक आकडा की 'इतक्यापासून तितक्यापर्यंत'?

घोडबंदरकर
दुपारच्या ताटाचा फोटो : दोन घडीच्या पोळ्या, चार छोटी भरली वांगी, थोडा वरण-भात, काकडीची कोशिंबीर. मोबाइलवरचं अ‍ॅप म्हणतं ४८० कॅलरी. ठाण्यातल्या आहारतज्ज्ञ बाई तोच फोटो बघून म्हणाल्या, "६२५ ते ९७०." एवढा मोठा पट्टा देणं म्हणजे हात झटकणंच नाही का? अंदाजच द्यायचा तर एक आकडा द्या की.

पाटावरवंटा
बाईंनी हात झटकलेले नाहीत, हिशेब मांडलाय. फक्त वांगी घ्या. चार माणसांच्या भाजीत साधारण अर्धा किलो वांगी, म्हणजे १२५ कॅलरी. अर्धी वाटी दाण्याचं कूट, ४५ ग्रॅम धरा, २५५ कॅलरी. मूठभर सुकं खोबरं १२०, लिंबाएवढा नव्हे, त्याच्या निम्मा गूळ ५५. हे झाले ५५५. आता तेल. पंधरा मिलीचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. कोणी दोन चमच्यांत भागवतं, कोणी सहा ओततं. त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला २०० येतात किंवा ३२०. वाढलेली भाजी दोन्ही घरांत सारखीच दिसते. अ‍ॅपने बहुधा "वांग्याची भाजी, एक वाटी" एवढंच ओळखून शंभरच्या आसपास धरलं असणार. वांग्याच्या पोटात काय भरलंय ते त्याला दिसणार कुठून?

फोडणीवाला
तेल दिसत नाही हे पटत नाही. तवंग बघा ना! ताटात भाजीच्या कडेला जितकं तेल सुटलंय त्यावरून अंदाज बांधता येतो.

पाटावरवंटा
आमटी-रश्श्याला हे बरंचसं लागू पडतं. भरल्या वांग्याला नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं आणि मसाला शिजला की ते बाहेर येतं. तो तवंग "वरून घातलेलं तेल" म्हणून धरला आणि कूटही वेगळं धरलं, तर एकच तेल दोनदा मोजलं जातं. याच्या उलट तळलेल्या वांग्याच्या कापांचं. ते तेल पिऊन बसतात, वर चमकही राहत नाही.
आणखी एक गोष्ट. कढईच्या तळाशी उरलेलं तेल कोणाच्याच ताटात आलेलं नसतं. वरवरची वांगी उचलणाऱ्याला कमी येतं, शेवटी कढई पुसून घेणाऱ्याला जास्त.

नेरूळचा_नाना
भात बंद करा, रात्री सातनंतर जेवू नका. महिनाभरात फरक दिसेल.

घोडबंदरकर
नाना, वजन कमी करायचं विचारलेलं नाही हो. मोजायचं कसं ते विचारलंय.

आकडेमोड
मी धागाकर्त्याच्या बाजूने. पट्टा दिला की माणूस त्यातलं खालचं टोक उचलतो. ६२५ ते ९७० ऐकलं की डोक्यात ६२५ राहतं. त्यापेक्षा ८०० सांगून मोकळं व्हावं. चूक असली तरी रोज तीच चूक असेल, तर वाढतंय की घटतंय एवढं कळतंच.

पाटावरवंटा
रोज तीच चूक असती तर हरकत नव्हती. पण ती पदार्थागणिक बदलते. फुलका, मुगाचं वरण आणि वाफवलेली भाजी असलं ताट फोटोवरून बऱ्यापैकी बरोबर येतं. भरली वांगी, मसालेभात, तूप घातलेला वरण-भात यांना फोटो नेमका कमी धरतो. म्हणजे ज्या दिवशी जास्त खाल्लं जातं त्याच दिवशी आकडा जास्त फसवतो. मग चढउतार कसला कळणार?
खालचं टोक उचललं जातं हे मात्र खरं. म्हणून पट्टा सांगून गप्प बसायचं नाही, तो अरुंद करायचा. त्यासाठी स्वयंपाक करणाऱ्याला चार प्रश्न पुरतात : पोळीच्या घडीत तेल लावता का, वरून तूप लावता का, वरण-भातावर तूप किती, आणि त्या भाजीत व कोशिंबिरीत तेल-कूट किती.
याच ताटाचं बघा. घडीत अर्धा छोटा चमचा तेल, वरून तूप नाही : तीस ग्रॅम कणकेची पोळी १२० ची, दोन मिळून २४०. वांग्यांना चार मोठे चमचे तेल : वाट्याला २६०. वरण-भातावर एक छोटा चमचा तूप धरून २४०. कोशिंबिरीत मोठा चमचाभर कूट, चिमूट-दोन चिमूट साखर, फोडणी नाही : ७०. बेरीज ८१०. आता ७५० ते ८७० म्हणता येतं. फोटो तोच, फक्त चार उत्तरं मिळाली.

ऐरोली_पीजी
माझा डबा बाहेरून येतो. पोळीभाजी केंद्रातल्या काकूंना "तेल किती घालता?" विचारलं तर दुसऱ्या दिवसापासून डबा बंद होईल. भाजीवर टिश्यू दाबून, तो किती तेलकट होतो ते बघतो. चालेल का?

फोडणीवाला
टिश्यू चांगली युक्ती आहे.

पाटावरवंटा
टिश्यूला वरचं तेल लागतं. बटाट्याने प्यायलेलं आणि कुटातलं आतच राहतं. डब्यासाठी पट्टा रुंदच ठेवावा लागतो, मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही. निदान पोळीची एक घडी उघडून फोटो काढा. पापुद्रे चकचकीत असतील तर आत तेल आहे.

वाशीकरीण
घरच्या जेवणासाठी प्रश्नांपेक्षा तेलाच्या पिशवीवर तारीख लिहिणं बरं. विचारलं की प्रत्येक जण "थोडंसंच घालते" म्हणतं, खोटं म्हणून नव्हे, हात मोजून घालत नाही म्हणून. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. चार माणसांना दहा दिवस पुरलं तर डोई रोजचं २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. आठवडाभराच्या फोटोंतलं तेल मिळून याच्या निम्मंच भरत असेल, तर फोटोंचा हिशेब कुठेतरी गळतोय.

आकडेमोड
त्यात तळण आलं, पाहुणे आले, उरलेलं टाकून दिलेलं तेल आलं. आणि तूप, कूट, खोबरं त्या पिशवीत नसतंच.

वाशीकरीण
म्हणून तो ताळा, मुख्य हिशेब नव्हे. तळणाचे दिवस वेगळे लिहायचे.
आणि फोटो नीट काढा हो! नुसता वरून काढला तर वाटीची खोली कळत नाही. एक वरून, एक तिरका. आपल्या वाटीत काठोकाठ किती पाणी मावतं ते एकदाच मोजून ठेवा. दुहेरी तळाच्या वाटीत दिसतं त्याच्या निम्मंच मावतं कधीकधी. तूप घालायच्या आधी एक फोटो, जेवण झाल्यावर ताटात उरलेल्याचा एक.

घोडबंदरकर
हे करून बघतो. पण प्रथिनांचाही असाच गोंधळ आहे का? अ‍ॅप १५ ग्रॅम म्हणतंय.

पाटावरवंटा
तिथे ते फारसं चुकलेलं नाही. दोन पोळ्यांचे सहा-सात, वरण-भाताचे सहाएक, कुटाचे चारएक, मिळून सोळा-सतरा. तेलातुपात प्रथिनं नसतात, त्यामुळे लपलेलं तेल हा आकडा हलवत नाही. मीठ मात्र फोटोत अजिबात दिसत नाही. रक्तदाबासाठी मोजत असाल तर फोटो बाजूलाच ठेवा.

आकडेमोड
तरीही माझं मत, वहीत एकच आकडा लिहावा. पट्ट्याची बेरीज करत कोण बसणार?

वाशीकरीण
८१० लिहा आणि शेजारी ज्याचं उत्तर मिळालं नाही तो पदार्थ लिहा. "८१०, कोशिंबिरीची फोडणी माहीत नाही." इतकं तर लिहवेल?

आकडेमोड
दोन दिवस लिहीन. तिसऱ्या दिवशी नुसतं ८१०.