देखभालीसाठी प्रेस रोज अर्धा तास थांबवावी की आठवड्यातून एकदाच?

सुमेध: आमच्याकडे तीन पाळ्या सलग चालतात आणि हायड्रॉलिक प्रेसवरचे नग पुढे पेंट लाइनवर जातात. पाळी बदलताना प्रेस रोज अर्धा तास, आठवड्यातले सहाही दिवस, देखभालीसाठी थांबवावी असा प्रस्ताव आहे. उत्पादनाचे तास कमीत कमी बुडावेत म्हणून हे योग्य आहे का?

वैशाली: माझ्या मते नाही. वीज तोडून कुलूप लावणे, तेलाचा दाब उतरवणे आणि सुरू केल्यावर पहिला नग तपासून मंजूर करणे यांत वीस मिनिटे गेली, तर प्रत्यक्ष कामाला दहाच मिनिटे उरतात. म्हणजे आठवड्यात १८० मिनिटे प्रेस थांबवून ६० मिनिटांचे काम होते. तेच काम एका खेपेत केल्यास ८० मिनिटे पुरतात. ती केव्हा घ्यायची, हे पेंट लाइनपुढे साठलेल्या नगांवरून ठरवावे. प्रेस तासाला ६० नग देते आणि पेंट लाइन ५० घेते असे धरले, तर ८० मिनिटांसाठी सुमारे ६७ नग लागतात आणि तासाला दहाच्या शिलकीने ते सात तासांत जमतात. एवढा साठा असताना प्रेस थांबवली, तर पेंट लाइन चालूच राहते आणि तयार मालात एकही नग कमी पडत नाही.

हणमंतराव: वैशालीताईंचा हिशेब बरोबर असला, तरी आठवडाभर यंत्राकडे कोणी पाहिलेच नाही, तर सीलमधली गळती वाढत जाऊन प्रेस भर पाळीत बंद पडेल. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर समोरासमोर असतात, आणि तक्रार फिटरपर्यंत पोहोचायला ती वेळ उत्तम असते. रोजचा अर्धा तास सोडू नये.

फरीदा: आमची भट्टी थंड होऊन पुन्हा तापायलाच एक पाळी जाते, त्यामुळे आम्ही तिला सुट्टीखेरीज हातच लावत नाही. प्रेसही सुट्टीलाच उघडावी.

वैशाली: फरीदाताई, प्रेसला तापण्याची अडचण नाही, म्हणून सुट्टीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हणमंतराव, रोज पाहायला हवे हे मान्य. परंतु गळती, तेलाची पातळी आणि तापमान प्रेस चालू असतानाच, संरक्षक जाळीबाहेरून पाहता येते. उघडण्याचे काम मात्र पाळीच्या सीमेवर नकोच, कारण जाणाऱ्या फिटरने अर्धवट सोडलेला बोल्ट येणाऱ्याला घट्ट वाटतो.

हणमंतराव: जाळीबाहेरून आतले सील दिसत नाही. माझे मत कायम आहे.

सुमेध: साठ्याचा हिशेब पटला. पण पेंट लाइनच सर्वांत मंद आहे आणि तिच्या ओव्हनचीही देखभाल करावी लागते. ती थांबली की पुढचा साठा कामाचा नाही. तिथे बुडालेला तास कुठून भरून काढायचा?