मदत हवी आहे: चॅनेलचं हँडल आणि वर्णन

सायकल दुरुस्तीचं यूट्यूब चॅनेल सुरू करतोय. नाव ठरलंय: 'सायकल दुरुस्ती घरच्या घरी'. नाव दुसऱ्या कोणाचं असलं तरी चालतं, पण हँडल एकमेवच लागतं आणि मला हवं होतं ते @cycledurusti कोणीतरी आधीच घेतलंय. आता @cycle.durusti घेऊ की @cycledurustighari? पहिलं छोटं आहे, पण व्हिडिओत तोंडी सांगताना तो टिंब कोण लक्षात ठेवणार? मला दुसरंच बरं वाटतंय. चौदा दिवसांत दोनदा बदलता येतं, हे माहीत आहे, पण स्टिकर छापायच्या आधी नक्की करायचंय.

बॅनर 2560 × 1440 चा केलाय. टीव्हीवर पूर्ण दिसतो, मोबाइलवर मात्र मधली पट्टीच उरते आणि कडेची अक्षरं कापली जातात. त्यामुळे मजकूर मधल्या 1546 × 423 मध्ये आणतोय.

खरी अडचण वर्णनाची. चॅनेलच्या पानावर सुरुवातीचेच थोडे शब्द दिसतात, म्हणून पहिली ओळ अशी लिहिली आहे: 'पंक्चर, ब्रेक, चेन: एका व्हिडिओत एकच दुरुस्ती, घरातल्या साध्या हत्यारांनी. दर रविवारी नवा व्हिडिओ.'

हे वाचून नवख्या माणसाला काय मिळणार ते कळतंय का? 'दर रविवारी' ठेवू की काढू?