पहिलाच परदेशी ग्राहक: आगाऊ, डीपी की उधारी?

"दुबईचा नवा ग्राहक हळदीचा कंटेनर मागतोय, पण आगाऊ पैसे द्यायला नाही म्हणतो. डीपीवर पाठवू का?"

पूर्ण रक्कम डीपीवर नको. डीपी म्हणजे पैसे भरल्यावरच कागद: बँक पैसे येईपर्यंत मालाचे कागद अडवते, पैशांची हमी देत नाही. भाव पडला की ग्राहक कागद सोडवतच नाही आणि मालावर बंदराचं भाडं चढत राहतं. म्हणून ग्राहकाला द्यायच्या पत्रात ३० टक्के आगाऊ, उरलेले डीपी ॲट साइट, म्हणजे बँकेने कागद दाखवताच पैसे, असं लिहा. आगाऊ रकमेतून निदान माल परत आणण्याचा खर्च निघायला हवा. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, थेट ग्राहकाच्या नावावर न करता 'टू ऑर्डर' करा आणि सगळ्या मूळ प्रती बँकेतूनच जाऊ द्या. एकही थेट कुरियरने नको. उधारीचा विचार ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीने त्या ग्राहकासाठी मर्यादा मंजूर केल्यावरच करा.